थकबाकीचा रंगनियम आणि मजकुरी तारीख

मजकुरी तारीख : स्प्रेडशीटच्या सेलमध्ये जी डोळ्यांना तारीख दिसते, पण संगणकाच्या लेखी केवळ अक्षरांची ओळ असते, तिला येथे मजकुरी तारीख म्हटले आहे. देय तारीख उलटून गेलेली बिले आपोआप लाल व्हावीत म्हणून `Conditional Formatting` मध्ये नियम लावला जातो. अशी तारीख त्या नियमाला सापडत नाही. संगणक कोणतीही चूक दाखवत नाही, ती ओळ फक्त पांढरी राहते. वसुली पाहणारा माणूस पांढऱ्या ओळीचा अर्थ ‘मुदत अजून बाकी आहे’ असा घेतो. तिचा खरा अर्थ मात्र ‘नियमाची अट येथे जुळली नाही’ एवढाच असतो. या दोन अर्थांमधले अंतर हाच या दोषाचा गाभा आहे, आणि उपायही तेथूनच शोधावा लागतो.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत हा दोष नुसता तांत्रिक राहत नाही. शिरूर तालुक्यात रांजणगाव आणि दौंड तालुक्यात कुरकुंभ अशा दोन औद्योगिक वसाहती आहेत. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग, फॅब्रिकेशन, पॅकिंग किंवा जॉबवर्क पुरवणाऱ्या लहान उद्योगाचा सगळा व्यवहार उधारीवर चालतो आणि त्या उधारीला कायद्याने मुदत घातली आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ नुसार लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत ठेवता येत नाही. करार नसेल तर ती १५ दिवसांची असते. मुदत उलटली की कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. शिवाय २०२३ च्या वित्त अधिनियमाने तेव्हाच्या आयकर कायद्यात कलम ४३ब (ह) आणले. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे देणे या मुदतीत न चुकवणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट रक्कम प्रत्यक्ष दिल्यावरच मिळते. म्हणजे येणे असणारा आणि देणे असणारा, दोघांचेही गणित एकाच रकान्यावर उभे असते. तो रकाना देय तारखेचा.

दोषाचे कारण समजण्यासाठी संगणक तारीख कशी साठवतो ते पाहावे लागते. एक्सेलमध्ये खरी तारीख हा एक अंक असतो. १ जानेवारी १९०० ला १ धरून पुढे दिवस मोजले जातात. त्या मोजणीत ५ नोव्हेंबर २०२४ म्हणजे ४५६०१. आपल्याला दिसणारा दिवस-महिना हा त्या अंकाला चढवलेला पोशाख असतो. `=$D2<TODAY()` या नियमात असे दोन अंक ताडून पाहिले जातात. पण `D2` मध्ये अंकाऐवजी मजकूर असेल, तर एक्सेल तुलना नाकारत नाही. त्याच्या क्रमवारीत कोणताही मजकूर कोणत्याही अंकापेक्षा मोठा मानला जातो. त्यामुळे मजकुरी तारीख आजच्यापेक्षा ‘लहान’ कधीच ठरत नाही, मग ती दहा वर्षांपूर्वीची का असेना. उलट नियम लावला तर नुकसान आणखी वाढते. मुदत शिल्लक असलेली बिले हिरवी करण्यासाठी `=$D2>TODAY()` असे लिहिले, तर प्रत्येक मजकुरी तारीख हिरवी होते. थकलेले बिल तेव्हा दुर्लक्षित राहतेच, वर त्याला सुरक्षिततेचा शिक्काही मिळतो.

मजकुरी तारखा निष्काळजीपणातूनच येतात असे नाही. मराठी कार्यालयीन लेखनाच्या रीतीच त्यांना जन्म देतात. आपण तारखेत टिंबे देतो, `05.12.2024`. भारतीय किंवा अमेरिकी इंग्रजी मांडणीच्या संगणकावर ती तारीख म्हणून ओळखली जात नाही. आपण आधी `दि.` लिहितो, नंतर `पर्यंत` जोडतो. दोन्ही वेळा अख्खा सेल मजकूर होतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा पीडीएफ बिलातून उचललेल्या तारखेला न दिसणारी मोकळी जागा चिकटलेली असू शकते. आणि संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी राहिली असेल, तर तो महिना आधी वाचतो. `25/11/2024` मध्ये त्याला पंचविसावा महिना सापडत नाही, म्हणून तो ती मजकूर म्हणून ठेवतो. `02/01/2025` मात्र तो बिनतक्रार स्वीकारतो आणि १ फेब्रुवारी समजतो.

एक कल्पित नोंदवही घेऊ. रांजणगावच्या एका लघु उद्योगाची ही शीट अमेरिकी मांडणीच्या संगणकावर भरली आहे, चारही बिले अजून येणे आहेत आणि आजचा दिवस २० जानेवारी २०२५ आहे. पहिल्या बिलाची देय तारीख `10-Jan-2025` अशी टाकली आहे. महिना अक्षरांत असल्याने घोळ होत नाही. ती खरी तारीख बनते आणि ओळ लाल होते. दुसऱ्याची `25/11/2024` आहे. ती मजकूर झाली, म्हणून ५६ दिवस थकलेले बिल पांढरे आहे. तिसऱ्याची `05.12.2024` आहे. तीही मजकूर, आणि ४६ दिवसांची थकबाकी पांढरी आहे. चौथ्याची `02/01/2025` आहे. ती १ फेब्रुवारी झाली, म्हणून १८ दिवस थकलेले बिल अजून बारा दिवसांनी येणे आहे असे दिसते. चारही बिले थकलेली असताना शीटवर लाल ओळ एकच आहे, आणि तीही सर्वात कमी, म्हणजे दहा दिवस थकलेली. वसुलीचा पहिला फोन चुकीच्या ठिकाणी जातो, आणि जेथे व्याजाचा हक्क सर्वात जास्त साचला आहे तेथे जातच नाही.

यावर उपाय करताना लाल नियम अधिक हुशार करण्यापेक्षा त्याच्याआधी दुसरा नियम बसवणे योग्य ठरते. आजच्या नियमाकडे ‘थकले’ आणि ‘थकले नाही’ अशी दोनच उत्तरे आहेत. त्याला ‘मला ही तारीख वाचता येत नाही’ हे तिसरे उत्तर द्यायला हवे. पुढच्या दोन सूत्रांपैकी पहिल्याला पिवळा किंवा नारिंगी रंग द्यावा आणि दुसऱ्याला लाल. येथे `D` मध्ये देय तारीख आणि `F` मध्ये रक्कम मिळाल्याची तारीख आहे.

```
=ISTEXT($D2)
=AND(ISNUMBER($D2),$D2<TODAY(),$F2="")
```

दुसऱ्या सूत्रातल्या `ISNUMBER` मुळे रिकामे सेलही लाल होत नाहीत. एरवी रिकाम्या सेलची किंमत शून्य धरली जाते आणि शून्य आजपेक्षा लहानच असते. संपूर्ण रकान्यात किती मजकुरी तारखा आहेत हे एका सेलमध्ये दाखवता येते:

```
=COUNTA(D2:D500)-COUNT(D2:D500)
```

उत्तर शून्य नसेल तोवर त्या शीटवरच्या रंगांवर विसंबू नये. सापडलेल्या तारखा दुरुस्त करण्यासाठी `दि.`, `पर्यंत` आणि न दिसणारी मोकळी जागा आधी काढून टाकावी, मग रकाना निवडून `Data` मधल्या `Text to Columns` मध्ये जावे, शेवटच्या पायरीवर `Date` आणि `DMY` निवडावे. पण हे करण्याआधी चौथ्या बिलासारख्या, खऱ्या पण उलट्या झालेल्या तारखा वेगळ्या काढाव्यात. मजकुराची चाचणी त्यांना पकडत नाही, कारण त्या अंकच असतात. तेथे कायद्याची मुदतच चाळणी म्हणून कामी येते. चौथ्या बिलाचा माल १८ नोव्हेंबर २०२४ ला स्वीकारला गेला होता. त्यावर ४५ दिवस म्हणजे २ जानेवारी; शीटमधली १ फेब्रुवारी मात्र ७५ दिवसांवर पडते. देय तारीख आणि स्वीकृतीची तारीख यांतला फरक ४५ पेक्षा जास्त किंवा शून्यापेक्षा कमी आला, तर मूळ बिल काढून तारीख पुन्हा टाकावी.

यावर पहिला आक्षेप असा, की अख्ख्या रकान्याला तारखेचे स्वरूप दिले की काम भागते. ते भागत नाही. स्वरूप अंकाचा पोशाख बदलते. मजकुराला तो पोशाख बसतच नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : `Data Validation` लावून चुकीची नोंद दारातच अडवावी. नवीन शीटसाठी हे जरूर करावे. पण ही अडवणूक फक्त टाइप केलेल्या नोंदीला लागू होते. बाहेरून चिकटवलेली तारीख ती तपासत नाही, आणि आधीपासून पडून असलेल्या नोंदी स्वतःहून बदलतही नाही. तिसरा आक्षेप, की नियमातच `DATEVALUE` घालून मजकुराची तारीख करून घ्यावी. यात धोका हा, की `DATEVALUE` संगणकाच्या मांडणीवर अवलंबून असते. तीच फाइल उद्योजकाच्या संगणकावर एक रंग दाखवील आणि हिशेबनिसाच्या संगणकावर दुसरा. शिवाय मजकूर मजकूरच राहतो, आणि पुढच्या बेरजेत किंवा व्याजाच्या हिशेबात तोच दोष पुन्हा उभा राहतो. चौथा आक्षेप, की वीस ओळींची वही नजरेखालूनही जाते. हे खरे आहे; तेवढ्या वहीला रंगांची गरजही नाही. पण रंग लावले की नजर रंगांच्या मागे जाते आणि न रंगलेल्या ओळी वाचणे थांबते. म्हणून रंग लावणाऱ्यावर ही चाचणी लावण्याची जबाबदारी येतेच.

देय तारीख हाताने न टाकता स्वीकृतीच्या तारखेत दिवस मिळवून काढणे ही याहून चांगली रचना आहे. `=C2+45` मध्ये `C2` ची तारीख टिंबांची असेल, तर सेलमध्ये `#VALUE!` येते आणि दोष लपत नाही. मात्र ते कुरूप दिसते म्हणून `IFERROR` ने झाकले, तर मिळालेला इशारा पुन्हा हरवतो. गूगल शीट्समध्येही मजकुराची आणि अंकाची तुलना अशीच फसवते. तेथे `File` मधल्या `Settings` मध्ये `Locale` भारताचे आहे ना, हे आधी पाहावे. एवढे करूनही मजकुराची चाचणी फक्त तारीख वाचता येते की नाही हे सांगते, ती बरोबर आहे की नाही हे सांगत नाही. ते चलनावरच्या स्वीकृतीच्या सहीशी आणि दिनांकाशी ताडूनच ठरते. व्याजाची मागणी करायची झाली, तर दिवस त्याच कागदापासून मोजले जातात.