अनुवादाचं काम ‘क्लेम’ करण्याआधी कोणतं गणित मांडायचं?

२००८ साली टोकियोत सुरू झालेल्या ‘गेंगो’सारख्या साइट्सवर अनुवादाची कामं एका रांगेत दिसतात. जो आधी क्लेम करेल, त्याला काम. पैसे शब्दांवर मिळतात आणि क्लेम करताच डेडलाइनचं घड्याळ सुरू होतं. त्यामुळे जास्त दर दिसला की बोट लगेच बटणावर जातं. नेमकी इथेच गडबड होते.

समजा, शहापूर तालुक्यातल्या शेणव्यात बसलेल्या अनुवादकासमोर इंग्रजीतून मराठीत करायची दोन कामं आली. दोन्ही ६०० शब्दांची, मुदत चार तास.

पहिलं हॉटेलच्या माहितीचं, दर एक रुपया. तासाला ३०० शब्द धरले तर दोन तास आणि तपासायला अर्धा तास. ६०० रुपये भागिले अडीच, म्हणजे तासाला २४० रुपये.

दुसरं कराराचं, दर दीड रुपया. कायद्याचे शब्द शोधताना वेग १५०वर येतो. चार तास अनुवादातच गेले, तपासणीचा एक तास वेगळाच. ९०० रुपये भागिले पाच, म्हणजे तासाला १८०. शिवाय मुदतही हुकली.

मग तपासणी गाळली जाते. एखादा ‘नाही’ सुटतो आणि अटीचा अर्थच उलटतो. अशा चुकीने क्वालिटी स्कोअर पडतो आणि पुढची कामं दिसणंच बंद होऊ शकतं.

म्हणून आधी मजकूर उघडून वाचायचा, तासांचा हिशोब करायचा आणि मगच क्लेम करायचं. नेट जातं अशा गावात मुदतीतला एक तास राखूनच ठेवायचा.