मालकाच्या खिशातली किल्ली

छोट्या फर्मचं डोमेन, ईमेल आणि सॉफ्टवेअरची सबस्क्रिप्शनं कुणाच्या खात्यावर असावीत, असं विचारलं की हल्ली एकच उत्तर मिळतं: मालकाच्या. त्याच्या स्वतःच्या जीमेलवर, त्याच्याच मोबाइलवर. यामागे पोळलेल्यांचा अनुभव आहे. वेबसाइट करून देणाऱ्या पोराने डोमेन आपल्या खात्यात घेतलं, पुढे पैशांवरून बिनसलं, आणि फर्मला स्वतःचंच नाव मागायला त्याच्या दारात उभं राहावं लागलं. बाहेरच्याच्या हाती किल्ली नको, इथवर पूर्वपक्ष बरोबर आहे. पण त्यावरून ती मालकाच्या खिशात हवी, असं काही निघत नाही.

सातबारा पाहिलेल्याला यातली गल्लत चटकन कळेल. सातवर नाव एकाचं असतं, जमीन कसत दुसराच असतो. डोमेनच्या नोंदीत रजिस्ट्रंट म्हणून जे नाव असतं ते सातवरचं. रजिस्ट्रारच्या खात्यात जो शिरू शकतो, त्याची वहिवाट. पहिल्या ठिकाणी फर्मचं नाव हवं, प्रोप्रायटरशिप असेल तर मालकाचं. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो दुसऱ्याबद्दल.

शिरोलीच्या एमआयडीसीतली एक फाउंड्री मला जवळून माहीत आहे. सगळं मालकांच्या नावावर, अगदी पूर्वपक्षाला हवं तसं. जूनमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. फोनचा पासकोड त्यांनाच ठाऊक, आणि बोलणं बंद. डोमेन संपत आल्याच्या सूचना त्यांच्या जीमेलवर येत राहिल्या. ऑटो-रिन्यू लावलेलं होतं, पण कार्डाची मुदत मार्चमध्येच संपली होती. पुण्याच्या ग्राहकाची पर्चेस ऑर्डर परत गेली, तेव्हा ऑफिसात कळलं की डोमेन गेलंय. ते .com होतं म्हणून थोडा अवधी होता: मुदत संपल्यावर रजिस्ट्रार आपल्या नियमाप्रमाणे साधारण 45 दिवसांपर्यंत नेहमीच्या दराने नूतनीकरण करू देतो, पुढचे 30 दिवस जबर शुल्क घेऊन सोडवता येतं, आणि आणखी 5 दिवसांनी नाव बाजारात मोकळं होतं. मुलाने कागदपत्रं पाठवून डोमेन सोडवलं, पण एकोणीस दिवस फर्मला ईमेल नव्हता.

आजारपण रोज येत नाही, असं कुणी म्हणेल. मग रोजचंच घ्या. अकाउंटंटला बिल डाउनलोड करायचंय, डिझायनरला लॉगिन हवंय. मालकाचा पासवर्ड सगळ्यांना पाठ असतो आणि दिवसभर फोन चालू असतात: ‘‘साहेब, ओटीपी आला का? सांगा.’’ म्हणजे वागताना प्रत्येकजण मालकच. उद्या एखादी मेलबॉक्स उडाली तर नोंदीत नाव दिसेल ते साहेबांचं. ही सुरक्षितता कसली!

यावर हुशार माणसं तोडगा काढतात: फर्मच्याच डोमेनवरचा पत्ता द्या, info@ वगैरे. हा तर पहिल्याहून वाईट. डोमेन थांबलं की त्यावरचा ईमेल थांबतो, आणि डोमेनच्या खात्याचा पासवर्ड बदलायची लिंक त्याच ईमेलवर येणार असते. किल्ली कुलपाच्या आत राहिली.

मुळात डोमेन, ईमेल आणि सबस्क्रिप्शनं या तीन गोष्टी एका पायरीवरच्या नाहीत. सबस्क्रिप्शनचा पासवर्ड ईमेलवरून बदलता येतो. गूगल वर्कस्पेसचा अ‍ॅडमिन हरवला तर गूगल डोमेनच्या डीएनएसमध्ये एक CNAME किंवा TXT नोंद घालायला लावून मालकी तपासतं. म्हणजे डोमेन हाती असेल तर खालचं बरंचसं परत मिळवता येतं. उलट दिशेने नाही. म्हणून खरी काळजी एकाच खात्याची, डोमेनच्या.

माझ्या मते ते खातं माणसाचं नसावं, पदाचं असावं. फर्मच्या डोमेनबाहेर एक वेगळी मेलबॉक्स, जिच्यावर दुसरं काहीच येत नाही. तिच्या सूचना मालक आणि आणखी एक विश्वासाचा माणूस, अशा दोघांच्या पत्त्यांवर फॉरवर्ड. एसएमएसच्या ओटीपीऐवजी दोघांच्या फोनवर ऑथेंटिकेटर अ‍ॅप, आणि रिकव्हरी कोड छापून बंद पाकिटात, लॉकरमध्ये. वेबसाइटवाल्याला डीएनएसपुरता वेगळा प्रवेश. बऱ्याच रजिस्ट्रारकडे तशी सोय असते. वर्कस्पेसमध्ये सुपर अ‍ॅडमिन दोन, आणि रोजच्या कामाला दोघांची साधी खाती. शिरोलीत आता असंच आहे. दुसरं नाव सुनेचं आहे, कारण हिशेब तीच पाहते.

हा उपाय जिथे चालत नाही ती जागाही सांगतो. भागीदारांत फाटलं, तर दोघांकडे किल्ली असण्याचा अर्थ एवढाच की जो आधी उठेल तो कुलूप बदलेल. त्याची सोय स्क्रीनवर होत नाही, भागीदारीच्या करारात करावी लागते. गोदाम, यंत्रं, उधारी सगळ्यांची वाटणी नीट लिहिलेली असते. डोमेनचा उल्लेख असलेला करार मात्र मी आजवर एकच पाहिलाय.