जंगल सफारीतील गाईड: कमाई वर्षाची मोजा

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात गाईडचे काम घेण्यापूर्वी आपण वर्षभराची कमाई मोजावी. गाभा क्षेत्रातील सफारी पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, बंद असते. समजा, एका फेरीचे 500 रुपये आणि महिन्यात 24 फेऱ्या मिळाल्या. हंगामात महिन्याला 12,000 रुपये दिसतात. पण 9 महिन्यांचे 1,08,000 रुपये 12 महिन्यांवर वाटल्यास 9,000 रुपयेच पडतात. म्हणून प्रत्यक्षात किती फेऱ्या वाट्याला येतात, हे आधी जुन्या गाईडला विचारावे. बक्षिशी व कमिशन या हिशेबात धरू नये; वाघ दिसला नाही की बक्षिशी आटते. बफर क्षेत्रात पावसाळ्यातही सफारी चालू असल्यास तेथील काम मिळेल का, हेही पाहावे. पक्षी ओळखणाऱ्या गाईडला वाघावरच अवलंबून राहावे लागत नाही.