मध्यरात्रीचा हातचा

रेल्वेचं तिकीट १५ तारखेचं आहे आणि गाडी सुटायची वेळ ००:१० अशी छापलेली आहे. प्रवासी १५ तारखेला रात्रीचं जेवण उरकून स्टेशनावर येतो, तेव्हा ती गाडी जाऊन जवळपास चोवीस तास झालेले असतात. रात्र एकच असते, पण तिच्या मधोमध तारीख बदलते. रात्रपाळीचे तास मोजताना किंवा गाडी पोचायची वेळ काढताना होणाऱ्या बहुतेक चुका याच सांध्यावर होतात. हा सांधा तिथे कसा आला आणि हिशेब करणाऱ्यांनी तो कसा चुकवला, हे पाहिलं की बेरीज-वजाबाकीची रीतही आपोआप कळते.

तास आणि मिनिटं ही दोन वेगळ्या घराण्यांची मापं आहेत. दिवसाचे बारा आणि रात्रीचे बारा असे चोवीस भाग प्राचीन इजिप्तमधले. साठाच्या पटीत मोजायची पद्धत बाबिलोनची; ती ग्रीक ज्योतिर्विदांनी उचलली आणि त्यांच्यामार्फत पुढे तासाचे साठ भाग झाले. म्हणून वेळेच्या हिशेबात हातचे दोन प्रकारचे असतात. मिनिटांकडून तासाकडे जाताना हातचा साठाचा, तासांकडून तारखेकडे जाताना चोवीसचा. शाळेत दहाच्या हातच्याची सवय लागलेली असते, ती इथे दोन्हीकडे अडते.

दिवस कुठून सुरू करायचा यावर मात्र एकमत नव्हतं. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीने नोंदवलं आहे की बाबिलोनचे लोक सूर्योदयापासून दिवस धरत, अथेन्सचे सूर्यास्तापासून आणि रोमचे पुरोहित मध्यरात्रीपासून. आपल्या पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंतचा. मध्यरात्र सोयीची, कारण तेव्हा बाजार आणि कचेऱ्या बंद असतात आणि चालू व्यवहाराच्या मध्ये तारीख बदलत नाही. पण जे रात्रीच काम करतात त्यांचं काय?

सगळ्यात जुने रात्रपाळीवाले म्हणजे ज्योतिर्विद. त्यांनी सांधाच हलवला. टॉलेमीने दुसऱ्या शतकात आपली गणितं मध्यान्हापासून मोजली आणि युरोपातल्या ज्योतिर्विदांनी ती रीत पुढे चालवली. दुपारी बाराला शून्य तास धरले की संध्याकाळचं आणि पहाटेचं निरीक्षण एकाच तारखेत येतं आणि दोन वेळांमधलं अंतर साध्या वजाबाकीने निघतं. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रिनिचचं रेखावृत्त मुख्य ठरलं, तेव्हा जागतिक दिवस मध्यरात्री सुरू करून तो ० ते २४ तासांत मोजावा असाही ठराव झाला. ज्योतिर्विदांनीही मध्यरात्र स्वीकारावी अशी अपेक्षा तिथे व्यक्त झाली. ते व्हायला चाळीस वर्षं गेली. १ जानेवारी १९२५ पासून त्यांच्या पंचांगांचा दिवस मध्यरात्री सुरू होऊ लागला.

पंचांगकर्त्यांनी दुसरी वाट धरली. त्यांच्या दिवसात ६० घटिका असतात आणि एक घटिका २४ मिनिटांची. समजा सूर्योदय ६:२४ ला आहे आणि तिथी ५० घटिकांना संपते. ५० घटिका म्हणजे १२०० मिनिटं, म्हणजे २० तास. ६:२४ मध्ये २० तास मिळवले की २६:२४ येतात. काही पंचांगांत अशी वेळ तशीच छापतात. घड्याळात २६ कधीच वाजत नाहीत, पण पंचांगाचा दिवस अजून संपलेला नसतो, म्हणून मोजणी पुढे चालू राहते. त्यातून २४ वजा केले की आपल्या कॅलेंडरवरच्या पुढच्या तारखेचे पहाटेचे २:२४ मिळतात.

नवशिक्याने हीच रीत उचलावी: हिशेब पुरा होईपर्यंत दिवस तोडायचा नाही, चोवीसच्या पुढे मोजत राहायचं.

रात्री २१:४५ ला पाळी सुरू झाली आणि सकाळी ६:२० ला सुटली. ६ मधून २१ जात नाहीत, म्हणून सुटायच्या वेळेत २४ मिळवा: ३०:२०. आता २० मधून ४५ जात नाहीत. एक तास मोडून त्याची ६० मिनिटं करा: २९:८०. त्यातून २१:४५ वजा केले की ८ तास ३५ मिनिटं उरतात. पडताळा दुसऱ्या बाजूने घ्यावा. २१:४५ पासून मध्यरात्रीपर्यंत २ तास १५ मिनिटं, पुढे ६ तास २० मिनिटं, बेरीज तीच.

हेच साध्या कॅल्क्युलेटरवर ३०.२० उणे २१.४५ असं केलं तर ८.७५ येतात. पंचाहत्तर मिनिटं दिसली की चूक लगेच लक्षात येते. पण पाळी २१:५५ ते ६:१० असेल तर कॅल्क्युलेटर ८.५५ दाखवतो आणि ते अगदी खरं वाटतं. खरं उत्तर ८ तास १५ मिनिटं. साठाऐवजी शंभराचा हातचा घेतल्यामुळे चाळीस मिनिटं जास्त येतात, आणि खरी मिनिटं वीसपेक्षा कमी असली की ती चूक लपून राहते. म्हणून मिनिटं साठाच्या आत आहेत एवढ्यावर विसंबू नये, पडताळा घ्यावाच.

बेरीज त्याहून सोपी. गाडी सोमवारी २२:५० ला सुटते आणि प्रवास ३३ तास ४० मिनिटांचा आहे. बेरीज ५५ तास ९० मिनिटं, म्हणजे ५६:३०. त्यातून २४ दोनदा वजा केले की ८:३० उरतात. जितक्या वेळा २४ वजा केले तितके दिवस पुढे जायचं, म्हणून गाडी बुधवारी सकाळी साडेआठला पोचते.

हिशेबापूर्वी बाराच्या घड्याळातली वेळ चोवीसच्या घड्याळात आणावी लागते. रात्रीचे १२:२० म्हणजे ००:२०. ते १२:२० असेच ठेवले तर उत्तर बारा तासांनी चुकतं. स्प्रेडशीटमध्ये अख्खा दिवस १ या अंकाने धरलेला असतो. A2 मध्ये सुरुवात आणि B2 मध्ये शेवट असेल तर हे सूत्र लागतं:

```
=MOD(B2-A2,1)
```

वजाबाकी ऋण आली की MOD तिच्यात एक पूर्ण दिवस मिळवतो, म्हणजे आपण हाताने मिळवलेले तेच २४ तास. आठवड्याच्या पाळ्यांची बेरीज करताना मात्र रकान्याला [h]:mm हे स्वरूप द्यावं, नाहीतर ४२ तासांचे १८ दिसतात.

या रीतीला एक मर्यादा आहे. २१:४५ आणि ६:२० एवढंच हातात असेल तर मधले तास ८:३५ असू शकतात किंवा पूर्ण एक दिवस जास्त धरून ३२:३५ सुद्धा. सूत्र नेहमी लहान उत्तर देतं. युरोप-अमेरिकेत काम करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते: वर्षातून दोन रात्री तिथली घड्याळं एक तास पुढे-मागे होतात, आणि त्या रात्रीची पाळी या वजाबाकीत एका तासाने चुकते. नोंदवहीत प्रत्येक वेळेशेजारी तारीख लिहिली की पहिली अडचण सुटते. दुसरीसाठी त्या दोन रात्रींचा तास हाताने कमी-जास्त करावा लागतो.