प्रतवर्णन (जुन्या पुस्तकांचे)

विक्रीला ठेवलेल्या जुन्या पुस्तकाची हातातली प्रत, ती न पाहिलेल्या गिऱ्हाइकाला ओळखता येईल अशा शब्दांत नोंदवणे म्हणजे प्रतवर्णन. ग्रंथालयाची तालिका पुस्तकाचे वर्णन करते, प्रतवर्णन त्याच्या एका प्रतीचे. त्यामुळे तालिकेत न येणारे फाटके पान, पुसट शिक्का, बदललेला पुठ्ठा हे सारे इथे महत्त्वाचे ठरते.

जुनी पुस्तके शोधणारे लोक ढोबळमानाने दोन प्रकारचे. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा माटुंग्याच्या पदपथावर येणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला त्याच्या अभ्यासक्रमाच्या ‘पॅटर्न’चेच पुस्तक हवे असते, कारण जुन्या आवृत्तीत प्रकरणांचा क्रम आणि उदाहरणांचे क्रमांक वेगळे निघतात. पानांवर पेन्सिलीच्या खुणा असल्या तर त्याची तक्रार नसते, उलट सोडवलेली गणिते त्याला आवडतात. संग्राहकाला मात्र तीच खूण खटकते. म्हणून वर्णन करणाऱ्याने दोष लपवू नये आणि त्याचे मोलही स्वतः ठरवू नये. काय आहे ते लिहावे.

आवृत्ती ठरवताना शीर्षकपानावर विसंबून भागत नाही, त्याच्या पाठीमागचे मुद्रणतपशिलाचे पान वाचावे लागते. मराठी प्रकाशक साध्या पुनर्मुद्रणालाही बहुधा ‘दुसरी आवृत्ती’, ‘तिसरी आवृत्ती’ असेच छापतात, त्यामुळे केवळ त्या शब्दांवरून मजकूर बदलला आहे की नाही ते कळत नाही. तिथे जे छापले आहे ते जसेच्या तसे उतरवावे, आणि नवी प्रस्तावना, वाढीव प्रकरण किंवा बदललेली पृष्ठसंख्या दिसली तर ती वेगळी सांगावी. जुन्या पुस्तकांवर पुष्कळदा शकाचे वर्ष असते. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौष ते फाल्गुनातले पुस्तक असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात. शकाचा आकडा इसवी सन समजून पुस्तक ७८ वर्षांनी जुने ठरवण्याची चूक यादीत एकदा शिरली की पुढे नक्कल होत राहते.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हे याचे चांगले उदाहरण. पहिली आवृत्ती १८३१ची, सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ची, आणि पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाचे दुरुस्त पुनर्मुद्रण १९७५चे. बाबा पदमनजींनी केलेला संक्षेपही याच नावाने विकला जातो. तेव्हा ‘मोल्सवर्थ, जुनी प्रत’ एवढ्या नोंदीत चार वेगळी पुस्तके मावतात. शीर्षकपान गळालेली प्रत आली तर सुरुवातीची पाने उलटून पाहावीत. मराठी भाषेवरचा जॉन विल्सन यांचा निबंध दुसऱ्या आवृत्तीत आहे, त्यामुळे तो असेल तर प्रत १८३१ची नाही. पुढे १८५७ की १९७५ हे कागदावरून आणि छपाईवरून ठरते: खिळ्यांच्या छपाईत अक्षराचा दाब पानाच्या मागच्या बाजूला बोटाला जाणवतो, ऑफसेटमध्ये पान सपाट लागते. अभ्यासकाला शब्द पाहायला १९७५ची प्रत पुरते, ती हाताळायलाही सोपी. १८५७च्या प्रतीची किंमत देणारा माणूस वेगळा.

या कोशाच्या १९७५च्या प्रतीवर आयएसबीएन शोधण्यात अर्थ नाही, कारण मराठी पुस्तकांवर हा क्रमांक त्यानंतर रुळला. तो नसणे हा दोष मानू नये. भारतातल्या प्रकाशकांना हे क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था देते. दहा अंकी क्रमांक 81 किंवा 93ने सुरू होतो, आणि २००७पासूनच्या तेरा अंकीत त्याच्या आधी 978 लागतो. जुन्या क्रमांकाचा नवा करताना पुढे 978 जोडून भागत नाही, शेवटचा तपासणीचा अंक नव्याने काढावा लागतो. निव्वळ नमुन्यादाखल 81-234-5678-6 हा दहा अंकी क्रमांक घेऊ. शेवटचा 6 काढून 978 जोडले की 978812345678 उरते. यातल्या अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ने गुणून बेरीज केली तर १३८ येते. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे १४०ला, दोन कमी पडतात, म्हणून तपासणीचा अंक 2 आणि पूर्ण क्रमांक 978-81-234-5678-2. टंकताना एखादा अंक चुकला तर हा हिशेब जुळत नाही आणि चूक लगेच कळते.

आयएसबीएनची मर्यादाही ठाऊक हवी. नियमाने कापडी बांधणीला एक, कागदी बांधणीला दुसरा आणि बदललेल्या आवृत्तीला तिसरा क्रमांक हवा, पण मजकूर न बदलता केलेल्या पुनर्मुद्रणाला जुनाच चालतो. त्यामुळे क्रमांकावरून पहिली छपाई आणि नववी छपाई यांत फरक करता येत नाही. काही प्रकाशक सुधारित आवृत्तीवरही जुनाच क्रमांक ठेवतात. अनेक खंडांच्या ग्रंथात संपूर्ण संचाचा क्रमांक वेगळा असतो, आणि विकणाऱ्याने तोच एका खंडासाठी दिला तर गिऱ्हाईक सगळे खंड मिळतील असे समजते. म्हणून क्रमांक दिला तरी वर्ष आणि छपाई लिहिल्याशिवाय नोंद अपुरी.

बांधणीबद्दल ‘पक्की’ म्हणून सोडून देऊ नये. पाने दोऱ्याने शिवलेली आहेत की कण्याला नुसती डिंकाने चिकटवलेली, ते पुस्तक मधोमध उघडून कळते. चिकटवलेल्या पुस्तकाचा डिंक वाळला की पाने एकेक करून सुटतात. मूळ पुठ्ठा जाऊन नवी बांधणी केली असेल तर तेही सांगावे, आणि बाहेरचे वेष्टण आहे की नाही तेही. पानांची गळती पाहताना फर्मे तपासावेत. सोळा पानांच्या फर्म्याच्या पुस्तकात पान १६० नंतर एकदम १७७ आले तर अकरावा फर्मा बांधायचा राहिला आहे. १६० नंतर पुन्हा १४५ आले तर दहावा दोनदा बांधला आहे. हा दोष वरून दिसत नाही आणि वाचणाऱ्याला घरी गेल्यावरच सापडतो, म्हणून विक्रेत्याने आधीच पाने चाळावीत.

दोष सांगताना जागा आणि प्रमाण दोन्ही लागतात. ‘थोडी कसर’ यापेक्षा ‘पान ३ ते १२च्या खालच्या समासात कसरीची भोके, अक्षराला धक्का नाही’ हे उपयोगाचे. तांबूस ठिपके, ओलीचा डाग, मागच्या मालकाची सही, ग्रंथालयाचा शिक्का आणि दाखल क्रमांक ही प्रत्येक गोष्ट पानासह यावी. शिक्का असल्यास ते पुस्तक ग्रंथालयाने रीतसर काढून टाकले आहे का, हेही लिहिलेले बरे. ‘उत्तम’, ‘चांगली’, ‘बरी’ असे शेरे एकटे वापरू नयेत, कारण जुन्या ग्रंथांच्या इंग्रजी बाजारात ‘गुड’ म्हणजे वापराच्या खुणा दिसणारी साधारण प्रत, आणि मराठी गिऱ्हाईक ‘चांगली’चा अर्थ त्याहून वरचा घेते.

पूर्ण नोंद अशी दिसते: ‘मोल्सवर्थ, मराठी-इंग्रजी कोश, शुभदा-सारस्वत, पुणे, दुरुस्त पुनर्मुद्रण १९७५. शिवलेली बांधणी, मूळ पुठ्ठा, वेष्टण नाही. कणा वरच्या टोकाला दोन सेंटीमीटर फाटलेला. शीर्षकपानावर शाईची सही, आत खुणा नाहीत. सर्व पाने तपासली, पूर्ण. आयएसबीएन नाही.’ यात किंमत शेवटी घालावी. सोबत शीर्षकपान, मुद्रणतपशिलाचे पान, कणा आणि सर्वांत मोठा दोष अशी चार छायाचित्रे जोडली, तर पत्रव्यवहाराचे पुष्कळसे प्रश्न आधीच मिटतात.