छायाचित्रांतील तटाचें गांव कोणतें ?

जुन्या वास्तूचें एखादें छायाचित्र हातीं येतें आणि त्याच्या पाठीवर "निजाम इलाख्यांतील किल्ला" किंवा "नांदेडकडील जुनें देऊळ" एवढेंच लिहिलेलें असतें. कित्येकदां तेवढेंहि नसतें. चित्रांत पडक्या तटाची भिंत, मध्येंच बसविलेला एखादा कोरीव दगड व कोपऱ्यांत अक्षरांची पाटी. इतक्या सामुग्रीवरून तें ठिकाण ओळखतां येतें काय, आणि येत असल्यास कोणत्या क्रमानें, हा प्रश्न आम्हीं येथें नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांपुरताच घेतला आहे. प्रदेश मर्यादित ठेवल्यानें प्रश्न सोपा होतो असें नव्हे. उलट याच टापूंत चालुक्यांचीं देवळें आणि बहामनी धाटणीचे भुईकोट इतके जवळजवळ आहेत कीं, एकाचे दगड दुसऱ्याच्या भिंतींत गेले आहेत.

पाठीवरील मजकुरावरहि फार विसंबूं नये. लातूर जिल्हा १९८२ सालीं उस्मानाबादेंतून वेगळा झाला. १९५६ पूर्वीं उदगीर व निलंगें हीं बीदर जिल्ह्यांत मोडत. तेव्हां जुन्या चित्रावर "बीदर" असें आढळल्यास तें उदगीरचें असण्याचा संभव डोळ्यांआड करून चालत नाहीं. कंधारचा घोटाळा याहून मोठा आहे. फारसी लेखनांत तें नांव अफगाणिस्तानांतील कंदाहारसारखेंच दिसतें. मग नुसत्या नांवावरून चित्रें लावूं जाणाऱ्याच्या हातून नांदेडचा किल्ला अफगाणिस्तानांत जाण्यास वेळ लागत नाहीं!

आतां असें समजूं कीं, आपल्यापुढें एक छायाचित्र आहे. काळसर दगडाचा उंच तट, पुढें पाण्यानें भरलेला खंदक, डाव्या अंगास गोल बुरूज, तटाच्या माथ्यावर चर्या. बुरुजाच्या मध्यावर लहानशी लेखाची पाटी, आणि पाटीखालीं दोन हातांवर, बाकीच्या दगडांशीं न जुळणारा एक नक्षीदार पाषाण. पाहणाराची नजर प्रथम त्या नक्षीवर जाते. येथेंच बहुतेकांची चूक होते. कोरलेला दगड हलवितां येतो, तट हलवितां येत नाहीं. म्हणून तपास तटापासून सुरू केला पाहिजे.

बांधणीकडे पाहतांना पहिला प्रश्न सांध्यांचा. निलंग्याच्या नीळकंठेश्वराचें किंवा देगलूर तालुक्यांतील होट्टलच्या सिद्धेश्वराचें देऊळ पाहिलें, तर दगडावर दगड चुन्यावांचून बसविलेले दिसतात. दगडाचें वजन व काटेकोर घडाई हींच तेथें धरून ठेवण्याचीं साधनें. अशा भिंतींत पायापासून वरपर्यंत आडव्या थरांच्या रेषा अखंड धांवतात, आणि निलंग्यासारखा तारकाकृति आराखडा असला म्हणजे भिंत सरळ न जातां कोनाकोनानें आंतबाहेर होते. त्यामुळें चित्रांत उजेड व सावली यांचे उभे पट्टे उमटतात. किल्ल्याच्या तटांत याच्या उलट दिसतें. दगड घडीव असले तरी त्यांचा आकार एकसारखा नसतो, सांध्यांतून चुन्याच्या पांढुरक्या रेषा दिसतात, आणि पृष्ठभाग सपाट असून त्यांत तोफबंदुकांसाठीं जंग्या ठेवलेल्या असतात. आपल्या चित्रांतील भिंत या दुसऱ्या जातीची आहे. एवढ्यावरून ती देवळाची नाहीं व यादवपूर्वकालीनहि नाहीं, असें निःशंकपणें म्हणतां येतें. तोफेसाठीं सांधलेला बुरूज असेल तर आणखी खालीं, पंधराव्या-सोळाव्या शतकांकडे, यावें लागतें. मात्र तट एकदांच बांधून संपत नसतो. खालचे थर एका राजवटीचे, वरची फांजी व चर्या दुसरीच्या, असें या किल्ल्यांत सर्रास आहे, आणि चुन्याच्या रंगांतील फरक तेवढा चित्रांत टिपलेला असतो.

मग तो नक्षीदार पाषाण कशाची साक्ष देतो ? त्यावर कीर्तिमुखांची ओळ किंवा मण्यांची माळ असेल आणि ती ओळ दोन्ही कडांशीं एकाएकीं तुटलेली असेल, तर तो दगड मूळच्या जागीं नाहीं हें स्वच्छ आहे. कधीं तो आडवा असतो, कधीं उलटाहि असतो. अशा वेळीं तो तटाचा काळ सांगत नाहीं. तट बांधतांना जवळपास एखादें भग्न देऊळ होतें, इतकेंच सांगतो. पण हें "इतकेंच" हलकें मानूं नये. जड दगड लांबून गाडीवर आणण्याचा खटाटोप, हाताशीं खाण असतां, कोणी करीत नाहीं. म्हणून असे दगड पुष्कळ असतील तर किल्ल्याच्या पोटांत किंवा वेशीबाहेर चालुक्य-राष्ट्रकूटकालीन वस्ती होती असें अनुमान बळकट होतें. एकच असेल तर तो मागाहून कोणीं हौसेनें बसविला असण्याचाहि संभव राहतो.

दगडाची जात पाहणें हें काम बहुतेक लेखक विसरतात. या दोन जिल्ह्यांचा बहुतेक भाग काळ्या दगडाचा आहे. पण नांदेडच्या पूर्वेस, देगलूर-बिलोलीकडे, तेलंगणाचा दाणेदार ग्रॅनाइट वर येतो आणि दक्षिणेस बालाघाटच्या माथ्यावर जांभा सांपडतो. औसें तालुक्यांतील खरोशाचीं लेणीं अशा जांभ्यांतच खोदलेलीं आहेत. छायाचित्र काळेंपांढरें असलें तरी जांभ्याचा छिद्रमय, झिजट पोत भिंगाखालीं ओळखूं येतो, व ग्रॅनाइटचे गोलसर धोंडे पार्श्वभूमीवर दिसले तर चित्र लातूरचें नव्हे हें प्रथमदर्शनींच समजतें. आपल्या चित्रांत दोन्ही नाहींत. काळा दगडच आहे.

आतां अक्षरांकडे. वाचण्याच्या आधीं दोन गोष्टी तपासाव्या. पहिली, चित्र उलटें छापलें गेलेलें नाहीं ना ? कांचेच्या मूळप्रतीवरून छापतांना बाजू बदलली कीं डावेंउजवें फिरतें. नागरी लेख असेल तर परीक्षा सोपी : ग, म, स या अक्षरांचा उभा दंड उजवीकडे असतो, तो डावीकडे दिसला तर चित्र आरशांतलें आहे. दुसरी गोष्ट उजेडाची. खोदलेलीं अक्षरें, उजेड खालून आल्यास, डोळ्याला उठावाचीं भासतात. त्यासाठीं त्याच चित्रांतील पुढें आलेल्या एखाद्या दगडाची सावली कोणीकडे पडली आहे हें पाहून घ्यावें. हा फरक नुसता दिखाऊ नाहीं. देवळांतील कानडी व नागरी लेख सामान्यतः खोदून लिहिलेले असतात. किल्ल्यांवरील फारसी-अरबी लेखांत भोंवतालचा दगड काढून अक्षरें उठावांत ठेवलेलीं असतात.

खोदीव लेख गोलसर अक्षरांचा, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर निराळा बांक असलेला, माथ्यावर चंद्रसूर्य व गाय-वासरूं कोरलेला असा असेल, तर तो कल्याणीच्या चालुक्यांच्या वळणाचा समजावा. परंतु त्या काळीं कानडी व तेलुगू यांची लिपि जवळजवळ एकच होती. म्हणून शब्द वाचल्यावांचून भाषा ठरवूं नये, आणि नांदेडसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यांत तर मुळींच नाहीं. शिरोरेषा असलेला नागरी लेख असेल, तर "के", "दे" यांसारख्या अक्षरांत मात्रा वर न देतां अक्षराच्या डावीकडे उभा दंड काढला आहे काय, हें बघावें. ती पडी मात्रा होय. यादवकालीन लेखांत ती नेहमीं आढळते, आणि नवशिका वाचक तिला काना समजून "के" चा भलताच शब्द करून बसतो.

वाचलेल्या शब्दांतहि सांपळे आहेत. लेखांत "लट्टलूरपुरवराधीश्वर" हें बिरुद लागलें कीं तो लेख लातूरचाच, अशी उडी मारण्याचा मोह होतो. लट्टलूर म्हणजे लातूर हें विद्वानांना मान्य असलें, तरी तें बिरुद राष्ट्रकूटांप्रमाणेंच दूर कर्नाटकांतील सौंदत्तीचे रट्टहि मिरवीत होते. बिरुद घराण्याचें मूळ सांगतें. दगडाचें ठिकाण सांगत नाहीं.

आपल्या चित्रांतील पाटी उठावाच्या अक्षरांची आहे. तेथें वळण पाहावयाचें. उंच, सरळ दंडांचें, एकमेकांत गुंफलेलें सुलुस वळण बहामनी काळीं मानाचें होतें. तिरकस, उतरतें नस्तालीक दक्षिणेंतील शिलालेखांवर सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून जोर धरतें. वर्ष बहुधा अरबी शब्दांत दिलेलें असतें, आणि तेथें आपल्या वाचकांस एक सोय आहे. पेशवाईच्या कागदांतील इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा हे शब्द ज्यांच्या कानावरून गेले आहेत, त्यांना ते अंक परके वाटणार नाहींत. मात्र सन हिजरी आहे कीं सुहूर, हें पाहिल्यावांचून इसवी सन काढूं नये. सुहूर सन मृगापासून सुरू होतो व त्यांत ५९९ किंवा ६०० मिळविले कीं इसवी सन येतो. हिजरीचें वर्ष चांद्र असल्यानें तें दर शतकांत सुमारें तीन वर्षें पुढें सरकतें. एक सहस्र हा आंकडा हिजरी धरला तर १५९१-९२ येतें, म्हणजे अहमदनगरच्या गादीवर दुसरा बुऱ्हाण निजामशहा. तोच सुहूर धरला तर १५९९-१६०० येतें, म्हणजे चांदबिबीचे अखेरचे दिवस. आठच वर्षांचा फरक, पण बुरूज शांततेंत बांधला कीं मोगलांच्या धास्तीनें, याचें उत्तर त्यावर अवलंबून आहे.

इतकें झाल्यावर ठिकाणें गाळीत जावें. खंदक भरलेला व भोंवतीं सपाटी, म्हणून डोंगरी माहूर प्रथमच गळतो. राहतात ते कंधार, उदगीर व औसें. उदगीरच्या किल्ल्यास खंदक आहे, पण त्याच्या अंगाशीं दरी आहे. तट व क्षितिज यांच्यामध्यें जमीन एकाएकीं खचलेली चित्रांत दिसली पाहिजे. औशाचा किल्ला सखल जागेंत असून दुरून तट भरत नाहीं. तेथील चित्रांत भोंवतालची जमीन तटाच्या माथ्याकडे चढत आल्यासारखी दिसते. आपल्या चित्रांत यांपैकीं कांहीं नाहीं, आणि जुन्या देवळांचे दगड आहेत. हें वर्णन मन्याड नदीच्या खोऱ्यांतील कंधारला सर्वांत जास्त लागू पडतें. तें गांव राष्ट्रकूटांच्या वैभवाचें ठिकाण होतें. तेथील राष्ट्रकूटकालीन शिलालेखांत जगत्तुंगसमुद्र या जलाशयाचा उल्लेख येतो आणि जगत्तुंग नांवाचा तलाव गांवाशेजारीं आजहि आहे. प्रचंड क्षेत्रपाळमूर्तीचे भग्न अवयवहि तेथेंच मिळाले. देवळांचा एवढा सांठा असलेल्या जागीं मागाहून किल्ला उभा राहिला, तो १६३१ सालीं मोगलांच्या हातीं गेला. उदगीर व औसें १६३६ सालीं गेलीं.

तरीहि आम्ही "कंधार" असें शाईनें लिहिणार नाहीं, पेन्सिलीनें लिहूं. वर सांगितलेल्या खुणांपैकीं एकहि खूण त्या किल्ल्याचीच आहे असें नाहीं. सर्व मिळून इतर दोन ठिकाणें मागें पडतात, इतकेंच सिद्ध होतें. पेन्सिल पुसून शाई करावयाची तर एकच मार्ग आहे. हैद्राबाद संस्थानांत १९१४ सालीं पुराणवस्तुखातें निघालें. त्याचे प्रमुख गुलाम यजदानी यांच्या देखरेखीखालीं या भागांतील फारसी-अरबी लेखांचे ठसे व वाचनें प्रसिद्ध झालीं. त्या ठशांशीं चित्रांतील पाटी ओळीगणिक ताडून पाहावी : ओळींची संख्या, पाटीची चौकट, फुटलेला कोपरा. ठसा जुळला कीं गांवच नव्हे, बुरूजहि मिळतो. न जुळला, तर पाटी मागाहून पडली असेल, किंवा चित्र आपण ज्याला गाळलें त्या दोन किल्ल्यांपैकीं एकाचें असेल. मग भिंग घेऊन पुन्हां क्षितिजाची रेषा तपासावी.