अगणनीय नामे

ज्या नामापुढे 'एक', 'दोन' असा संख्यावाचक शब्द थेट ठेवता येत नाही आणि ज्याचे अनेकवचन सहसा वापरात नसते, त्याला अगणनीय नाम म्हणतात. शालेय व्याकरणात अनेकवचन सामान्यनामांचेच होते, भाववाचक नामांचे होत नाही, असा नियम दिला जातो; तो ढोबळमानाने उपयोगी असला, तरी अमुक एक नाम कोणत्या गटात का पडते, याचा उलगडा त्यातून होत नाही. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी 1924 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याकरणविषयक ग्रंथात या वर्गाची जी चर्चा केली, तिचे सार असे की, अशा नामाने निश्चित आकार किंवा सीमा असलेल्या वस्तूचा बोध होत नाही, आणि सीमा नसली की मोजणीला एककच उरत नाही.

पालघर तालुक्यातील सातपाटीच्या मासळीबाजारात हा भेद सहज दिसतो. 2023 मध्ये राज्यमासा ठरलेले पापलेट तेथे नगावर मोजता येते. 'दोन बोंबील' असेही म्हणता येते. 'बोंबील' या शब्दाचे रूप अनेकवचनात बदलत नाही, परंतु 'बोंबील वाळला' आणि 'बोंबील वाळले' या क्रियापदांवरून वचन स्पष्ट होते, म्हणून केवळ रूप न बदलणे ही अगणनीयतेची खूण मानता येत नाही. याउलट बारीक कोलंबीसारखा 'जवळा' घ्यावा: 'घोडा' या शब्दाप्रमाणे त्याचे 'जवळे' असे रूप होण्यास व्याकरणाची आडकाठी नाही, तरीही टोपलीत हजारो जीव असताना 'जवळा आला' असेच म्हणतात आणि मोजायची वेळ आली की टोपली, वाटा किंवा किलो पुढे येतो. मोजणी होते ती भांड्याची किंवा मापाची, जवळ्याची नव्हे.

यावरून वस्तू जितकी बारीक तितकी अगणनीय, असा निष्कर्ष काढावासा वाटेल. पण त्याच जिल्ह्यातील मुख्य पीक तो खोटा ठरवते. शेतात उभा असतो तो भात (बोलीनुसार त्याचे लिंग बदलते, वचन बदलत नाही), गिरणीतून सडून येतात ते तांदूळ आणि चुलीवरून उतरतो तो पुन्हा भात. 'तांदूळ धुतले' यात क्रियापद अनेकवचनी आहे, 'भात शिजला' यात एकवचनी; धान्य मात्र तेच. वाणाचा उल्लेख असेल, तर 'वाडा कोलम हा तांदूळ बारीक आहे' असे 'तांदूळ'ही एकवचनी होते. शिवाय 'तांदूळ धुतले' म्हणणारा माणूस दुकानात 'पाच तांदूळ द्या' म्हणत नाही, किलोच मागतो. अर्थात अनेकवचनी असणे आणि मोजता येणे हे दोन वेगळे गुण आहेत आणि त्यांची वाटणी पदार्थाच्या स्वभावाने ठरत नाही, भाषेच्या रूढीने ठरते.

इंग्रजीतील 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन' आणि 'फर्निचर' या तीन शब्दांची अडचण याच रूढीत आहे. 'फर्निचर' हे खुर्ची, टेबल, कपाट अशा विजातीय वस्तूंचे एकत्रित नाव असल्यामुळे त्यातला 'एक' कोणता, हे सांगता येत नाही; बोईसर-तारापूर पट्ट्यातील एखाद्या शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीतही नगांचा आकडा खुर्च्यांपुढे आणि कपाटांपुढे पडतो, फर्निचर हे सदराचे नाव राहते. मराठीने शब्दाबरोबर ही सवयही उचलली, म्हणून 'घर–घरे' या चालीवर 'फर्निचरे' झाले नाही. 'माहिती'चेही तसेच आहे: 'नदी–नद्या' या नियमाने 'माहित्या' होऊ शकते, पण माहितीचा एक तुकडा कोठे संपतो हे ठरलेले नसल्याने कोणी ते वापरत नाही. 'सल्ला' मात्र मराठीत सरळ मोजला जातो, कारण येथे एकक आहे ते सल्ला देण्याच्या एकेका प्रसंगाचे. म्हणून 'दोन सल्ले' म्हणण्याची सवय असलेला विद्यार्थी इंग्रजीतही अनेकवचनाचा प्रत्यय लावून मोकळा होतो. त्याची चूक तर्काची नाही, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यायला हवे: फ्रेंच आणि जर्मन भाषांत माहिती व फर्निचर या अर्थाच्या शब्दांची अनेकवचने नित्य वापरात आहेत, आणि खुद्द इंग्रजीतही जुन्या लेखनात 'इन्फर्मेशन'चे अनेकवचन आढळते.

ही मर्यादा पक्कीही नसते. व्यवहाराने एकक ठरवून दिले की अगणनीय नाम मोजणीत येते. हॉटेलात 'दोन चहा' म्हणजे दोन कप आणि भाजीपाल्याला 'तीन पाणी दिले' म्हणजे तीन वेळा दिलेले पाणी. उन्हाळ्यात जव्हार-मोखाड्याकडील पाड्यांवर पाणी येते ते मात्र 'दोन टँकर पाणी', आणि तेथे टँकर हा शब्द गाळला, तर मोजणीचा अर्थच बदलतो.